पांडाचा गिबन होतो तेव्हा दोष कोणाचा: मॉडेलचा की आपल्या अपेक्षेचा?

केतकी (धागाकर्ती):
2014 साली गुडफेलो, श्लेन्स आणि सेगेडी यांनी दाखवलेले पांडाचे चित्र इथे अनेकांनी पाहिले असेल. चित्रातली वस्तू ओळखणारे गूगलनेट हे मॉडेल मूळ चित्राला 57.7 टक्के खात्रीने पांडा म्हणत होते. पिक्सेलमध्ये डोळ्यांना न जाणवणारा बदल केल्यावर तेच मॉडेल 99.3 टक्के खात्रीने गिबन वानर म्हणू लागले. एवढ्याशा बदलाने ज्याचे उत्तर फिरते, ते मॉडेल पांडा ओळखायला शिकलेलेच नसते, असे माझे ठाम मत आहे. आपले काय मत आहे?

प्रसाद:
मला हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता वाटतो. चित्रात थोडी खरखर मिसळली की मॉडेल गोंधळते, एवढाच त्याचा अर्थ. मी स्वतः करून पाहिले आहे. मॉडेलला द्यायच्या नेहमीच्या पद्धतीने चित्र तयार केले आणि पुढील ओळी चालवल्या:

```python
x.requires_grad_()
loss = F.cross_entropy(model(x), y)
loss.backward()
x_adv = x + 0.007 * x.grad.sign()
```

उत्तर चुकले. मात्र तेच चित्र पीएनजी म्हणून साठवून पुन्हा उघडले, तेव्हा मॉडेलने पुन्हा बरोबर उत्तर दिले. नुसते साठवल्याने जी युक्ती नाहीशी होते, तिला घाबरण्याचे कारण मला दिसत नाही.

वसुधा:
प्रसादजी, आपल्या म्हणण्यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पहिली गोष्ट खरखरीची. 224 बाय 224 आकाराच्या रंगीत चित्रात 1,50,528 आकडे असतात. समजा, मॉडेल प्रत्येक आकड्याला त्याच्या वजनाने गुणून सरळ बेरीज करणारे आहे आणि चिन्ह सोडून प्रत्येक आकड्याचे वजन सरासरी 0.01 आहे. प्रत्येक आकडा 0.007 ने वर किंवा खाली असा कसाही हलवला, तर बहुतेक बदल एकमेकांना खोडतात आणि बेरजेत साधारण 0.027 एवढाच फरक पडतो. हीच खरी खरखर, आणि तिने मॉडेल सहसा बधत नाही. पण प्रत्येक आकडा त्याच्या वजनाच्या चिन्हाकडे पाहून हलवला, तर सगळे बदल एकाच बाजूला साचतात आणि फरक सुमारे 10.5 होतो. ही बेरीज म्हणजे एखाद्या वर्गाला मिळालेले गुण, आणि शेवटी ते घातांकातून जातात, म्हणून त्या वर्गाचे पारडे दुसऱ्याच्या तुलनेत 36 हजारांहून अधिक पट जड होते. इतक्या चुकीच्या उत्तरावर इतकी खात्री कुठून येते, याचे उत्तर या बेरजेत आहे. खरे न्यूरल जाळे सरळ बेरीज करत नाही हे मान्य, परंतु एका चित्राच्या अगदी आसपास ते बरेचसे तसेच वागते. आपल्या कोडमधला `sign()` नेमके हेच चिन्ह वाचतो.

दुसरी गोष्ट पीएनजीची. आपले `x` बहुधा सरासरी वजा करून आणि प्रमाण विचलनाने भागून घेतलेले आहे. ते विचलन 0.225 च्या आसपास असते, त्यामुळे त्या मोजपट्टीवरचे 0.007 मूळ चित्रात 0.0016 उरते, म्हणजे 255 पायऱ्यांच्या हिशेबात 0.4 पायरी. साठवताना प्रत्येक आकडा जवळच्या पूर्णांकावर जातो आणि 0.4 चे शून्य होते. आपण पुन्हा उघडलेत ते चित्र मूळचेच होते, हल्ला फाइलपर्यंत पोहोचलाच नाही. साठवलेल्या चित्रातून मूळ चित्र वजा करून पाहावे. हाच बदल 0 ते 1 या मोजपट्टीवर करून साठवला, तर 0.007 च्या दोन पायऱ्या होतात आणि त्या टिकतात.

बागायतदार:
मी नाशिककडचा. आमच्या गटाने द्राक्षाच्या पानांवरचा केवडा आणि भुरी ओळखणारे मॉडेल करून घेतले होते. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीनंतर पानांवर निळसर-पांढरे डाग राहतात, तेव्हा ते निरोगी पानालाही भुरी म्हणायचे, आणि तेही नव्वद टक्क्यांच्या वर खात्रीने. हा त्यातलाच प्रकार दिसतो.

वसुधा:
दादा, खात्रीने चुकणे सारखे आहे, कारण वेगळे आहे. तुमचे डाग तुम्हालाही दिसत होते. फवारलेल्या पानांचे फोटो शिकवण्यात नसणार, म्हणून मॉडेल फसले. ते फोटो घालून पुन्हा शिकवल्यास ही चूक बरीच कमी व्हावी. अदृश्य बदलाची चूक मात्र आणखी साधे फोटो घालून जात नाही, कारण कोणता आकडा हलवल्यावर उत्तर किती बदलते हे सांगणाऱ्या त्या मॉडेलच्या ग्रेडियंटवरून ते बदल मुद्दाम शोधलेले असतात.

निरंजन:
केतकीताई, "शिकलेलेच नसते" हे मला मान्य नाही. 2019 साली इल्यास आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग पाहा. कुत्र्याचे चित्र घ्यायचे, मॉडेल त्याला मांजर म्हणेल असा सूक्ष्म बदल करायचा आणि त्यावर "मांजर" असेच लेबल लावायचे. दहा वर्गांच्या सीफार-10 या संचातील शिकवणीची सगळी चित्रे त्यांनी अशी उलटीसुलटी केली. माणसाला त्यातली बहुतेक सगळी लेबले चुकीची दिसतील. या संचावर कोरे मॉडेल शिकवले आणि परीक्षा साध्या, न बदललेल्या चित्रांवर घेतली. नुसत्या अंदाजाने जिथे 10 टक्के उत्तरे बरोबर येतील, तिथे 60 टक्क्यांहून अधिक आली. याचा अर्थ त्या अदृश्य बदलांमध्ये मांजराविषयीची खरी माहिती होती. ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही, हा मॉडेलचा अपराध कसा?

केतकी:
प्रयोग विलक्षण आहे, परंतु त्यातून माझ्याच म्हणण्याला बळ मिळते. दोन पायऱ्यांच्या बदलाने पुसता किंवा उमटवता येणारी खूण त्या संचात उपयोगी पडते, एवढेच सिद्ध झाले. जी खूण कोणीही प्राण्याला हात न लावता बदलू शकतो, तिला मी प्राण्याची ओळख मानणार नाही.

प्रसाद:
वजाबाकी केली, सगळीकडे शून्य आले. तरीही खऱ्या जगात कोणी मॉडेलला फाइल देत नाही, कॅमेऱ्यासमोर वस्तू असते. तिथे दोन पायऱ्यांचा काय पाड लागणार?

वसुधा:
कुराकिन, गुडफेलो आणि बेंजिओ यांनी 2016 साली नेमके हेच तपासले. त्यांनी बदललेली चित्रे कागदावर छापली, फोनने त्यांचे फोटो काढले आणि तरीही त्यांपैकी बरीच चुकीची ओळखली गेली. छपाईत हल्ल्याचा काही भाग गळतो, हे मात्र आपले बरोबर आहे. म्हणूनच कॅमेऱ्यासाठी केलेले हल्ले सहसा मोठे आणि डोळ्यांना दिसणारे असतात.

उपायाची किंमत केतकीताईंनीही विचारात घ्यावी. मॅद्री आणि सहकाऱ्यांनी 2017 साली सीफार-10 वर शिकवतानाच प्रत्येक चित्रावर हल्ला करून मॉडेल घडवले. साध्या चित्रांवरची अचूकता 95.2 वरून 87.3 टक्क्यांवर आली आणि 8 पायऱ्यांच्या हल्ल्याखाली 45.8 टक्के उरली. साधे मॉडेल त्याच हल्ल्याखाली जवळपास शून्यावर जाते. शिवाय हे संरक्षण ज्या प्रकारच्या बदलावर शिकवले त्यापुरतेच असते. चित्र किंचित फिरवून सरकवले, तर त्याचा भरवसा नाही.

बागायतदार:
मग आम्हाला 95 वालेच बरे. माझ्या पानाला फसवायला कोण येणार आहे?

केतकी:
फवारणीचा सल्ला घेण्यापुरते आपले म्हणणे मी मान्य करते. पण उद्या पीकविम्याचा दावा शेतकऱ्याने पाठवलेल्या फोटोवरून मॉडेल ठरवू लागले, तर फोटो बदलण्यात कोणाचा तरी फायदा असेल. तिथे आठ टक्के गमावून निम्म्याहून कमी संरक्षण घ्यायचे, की मॉडेलला निर्णयच द्यायचा नाही? निरंजनजी, या ठिकाणी आपण कोणते मॉडेल निवडाल?

निरंजन:
95 वाले, आणि प्रत्येक दाव्यासाठी शेतात जाऊन पाहणारा माणूस.

प्रसाद:
प्रत्येक शेतात माणूसच जाणार असेल, तर मॉडेल कशासाठी हवे?