मदत हवी आहे: गच्चीला हात न लावता स्लॅबची उष्णता खालून कशी अडवावी?

वैदर्भी_माधुरी: आम्ही नागपुरात वरच्या मजल्यावर राहतो. गच्ची सोसायटीची आहे. मागच्या वर्षी तिच्यावर काळी डांबरी शीट बसवली. ठेकेदाराच्या गॅरंटीत वर काहीही लावायचं नाही अशी अट आहे, आणि कमिटी ती मोडायला तयार नाही. झोपायची खोली १२ बाय १० फूट, उंची साडेनऊ फूट, स्लॅब पाच इंची. मे महिन्यात तापमापक बंदुकीने छत मोजलं: दुपारी तीनला ३७ अंश, रात्री आठला ४२, पहाटे पाचला ३४. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, रात्री एक-दीडपर्यंत त्यांचा डोळा लागत नाही. खालून काय करता येईल?

पाटील_अकोला: चुना मारा. फेव्हिकॉल घालून दोन हात. आमच्याकडे फार फरक पडला.

वैदर्भी_माधुरी: दादा, गच्चीवर काहीच करता येत नाही, चुनासुद्धा नाही.

गिरणगावकर: बबल फॉइल मिळतं, चांदीसारखं. ते स्लॅबला चिकटवा आणि खाली जिप्समचं फॉल्स सीलिंग करा. उष्णता परतवली जाते. स्वस्त आणि मस्त.

साईटवरचा_सुधीर: फॉइलचं बरोबर, चिकटवण्याचं अर्धंच. फॉइलचा उपयोग त्याच्या चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असेल तेव्हाच होतो. तुमच्या पद्धतीत खालच्या बाजूला पोकळी आहे, म्हणून थोडा फायदा होईल. पण वरची बाजू स्लॅबला टेकली की ती वाया, आणि पोकळीत धूळ बसली किंवा फॉइल लोंबलं की उरलेलाही फायदा कमी होतो.

माधुरीताई, साधा हिशोब बघा. खोली ११ चौरस मीटर. छत ४२ आणि खोलीची हवा ३४ धरली, तर छतातून साधारण ५०० वॉट खाली येतात, जणू अर्धा किलोवॉटचा हीटर डोक्यावर. तेच ५० मिलिमीटरच्या एक्सपीएस फोमने अडवलं, तर मधला स्लॅब आणखी चार-पाच अंश तापला तरी आत ८० वॉटच्या आसपासच येतील. साडेबारा मिलिमीटरचा नुसता जिप्सम बोर्ड एवढं कधीच अडवत नाही.

आधी छताचा रंग आणि पुट्टी खरवडून काढा. रंगावर चिकटवलेला फोम रंगासकट खाली येतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या चिकटद्रव्याने लावा आणि प्रत्येक पाटाला छत्रीवाले प्लास्टिक फास्टनर मारा. रबराचं सॉल्व्हंटवालं चिकट वापरू नका, त्याने फोम विरघळतो. सांधे टेपने बंद करा. खाली जिप्सम बोर्ड हवाच. उघडा फोम पेटला की काळा धूर होतो, आणि झोपायच्या खोलीत तो धोका घ्यायचा नाही. बोर्डाचे हँगर फोममधून थेट स्लॅबला जाऊ द्या. भोकं पाडण्याआधी वायरचे पाइप कुठून गेलेत ते इलेक्ट्रिशियनकडून खुणा करून घ्या.

कोकणस्थ_रत्ना: आमच्या रत्नागिरीच्या घरी असं काम केलं होतं. दोन पावसाळ्यांनी बोर्डाच्या कडेला काळी बुरशी आली. उघडलं तर मागे सगळं ओलं. एसीमुळे की गळतीमुळे, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

साईटवरचा_सुधीर: रत्नाताईंचा मुद्दा फार महत्त्वाचा. एकदा झाकलं की गळती दिसत नाही आणि आत सळ्या गंजत राहतात. नवीन डांबरी शीट असली तरी एक पूर्ण पावसाळा छत उघडं ठेवा. पांढरे क्षार उमटतात का, पोपडे सुटतात का बघा. काठीच्या टोकाने ठोकून कुठे बद्द आवाज येतो का ऐका. बद्द वाजलं तर आधी त्याची दुरुस्ती, मग फोम.

वैदर्भी_माधुरी: ठोकून पाहिलं. पश्चिमेच्या भिंतीजवळ हातभर जागा बद्द वाजते. मग हा उन्हाळा तसाच काढायचा?

साईटवरचा_सुधीर: हो, घाई करू नका. तोपर्यंत बाहेर गार झालं की खिडक्या उघडा आणि एक्झॉस्ट फॅन लावा. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून सावली करा. पुढे फोम लावताना बीमच्या बाजू विसरू नका, तिथूनही उष्णता येत राहते. फोम झाल्यावरही भिंतीची उष्णता येतच राहील.

वैदर्भी_माधुरी: फॅनचं काय? हूक स्लॅबमध्ये आहे. फोम, चॅनल, बोर्ड मिळून चारएक इंच जातील.

साईटवरचा_सुधीर: रॉड तेवढा लांब घ्या. वजन हुकावरच राहू द्या, बोर्डावर नको. पाती नवीन छतापासून फूटभर खाली आणि जमिनीपासून किमान सात फुटांवर हवीत. तुमच्या उंचीत ते बसतं.

गिरणगावकर: पण फोमऐवजी रॉकवूल घातलं तर आगीची भीतीच नाही ना? खर्चाचा फरक कुणाला माहीत आहे का?

साईटवरचा_सुधीर: आगीच्या बाबतीत रॉकवूल चांगलंच. पण गळती झाली तर ते पाणी धरून ठेवतं, आणि बोर्डावर वजन येतं. माधुरीताईंच्या बद्द जागेचा निकाल लागेपर्यंत मी त्यावर मत देणार नाही.