मदत हवी आहे: एक्सेलमध्ये विक्री घटली तिथे "वाढली" असं वाक्य येतंय

सियागंजकर
नमकीनच्या घाऊक दुकानात हिशोब बघतो, इंदूर. सेठजींना आकड्यांचा तक्ता वाचायचा कंटाळा येतो, म्हणून प्रत्येक आकड्याच्या शेजारी एक साधं वाक्य हवंय: एवढ्या टक्क्यांनी वाढली किंवा घटली. फॉर्म्युला लावला, खालपर्यंत ओढला. काही ओळी बरोबर, काही ठिकाणी साफ उलटं. फॉर्म्युला सगळीकडे एकच आहे. संध्याकाळपर्यंत द्यायचंय, लवकर सांगा.

मालव्याचा_मन्या
फॉर्म्युला कुठे आहे? आम्ही काय ज्योतिषी आहोत का? आणि तुलना कशाशी, मागच्या महिन्याशी की मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी?

पोहेजिलेबी
विक्री घटत असेल तर छप्पन दुकानच्या बाजूला एक छोटा काउंटर टाका. आमच्या मामांनी टाकला, चार महिन्यांत फरक पडला. लौंग शेवेची छोटी पाकिटं ठेवा, पर्यटक घेतात.

सियागंजकर
अहो, विक्री वाढवायची नाहीये, वाक्य नीट करायचंय! B म्हणजे नोव्हेंबर २०२३, C म्हणजे नोव्हेंबर २०२४. हा घ्या:

```
=A2&" "&TEXT(ABS(C2/B2-1),"0%")&IF(C2>B2," वाढली"," घटली")
```

अलका_बडोदे
तुमच्या B आणि C ची अदलाबदल झाली असणार. आमच्या ऑफिसात नवं वर्ष डावीकडे ठेवतात, तिथे हाच घोळ झाला होता. `C2>B2` च्या जागी `B2>C2` करून बघा. आणि सेठजींपुढे जाणार असेल तर मराठी तरी सुधारा. "चिवडा १२% वाढली"?

मालव्याचा_मन्या
अलकाताई, अदलाबदल असती तर सगळ्याच ओळी उलट्या आल्या असत्या. यांच्या काहीच चुकतायत. माझं मत विचाराल तर वाक्यं सोडा, कंडिशनल फॉरमॅटिंगमधून हिरवे-लाल बाण लावा. दोन मिनिटांचं काम.

सियागंजकर
बाण होतेच. सेठजी म्हणाले, बाण वर आहे म्हणजे चांगलं की वाईट ते लिहून द्या. असो. एक उलटी ओळ सांगतो. लौंग शेव, मागच्या वर्षी ६,९०,०००, यंदा ४,१५,०००. वाक्य येतं: "लौंग शेव 40% वाढली". टक्के बरोबर, शब्द चुकीचा. आणि हो, C च्या खालची बेरीजही हाताने केलेल्या बेरजेपेक्षा कमी येतेय, पण तो वेगळा प्रश्न आहे, नंतर बघीन.

निवृत्त_लेखापरीक्षक
तो वेगळा प्रश्न नाही, हाच प्रश्न आहे. यंदाचे आकडे बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करून चिकटवलेत का? चुकणाऱ्या ओळीत C चा आकडा डावीकडे चिकटलेला दिसतो का? कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण? रिकाम्या खान्यात `=ISNUMBER(C2)` लिहून बघा.

सियागंजकर
FALSE येतंय! डावीकडेच आहे. मला वाटलं कोणीतरी अलाइनमेंट बदलली. पण मग टक्के कसे बरोबर आले?

निवृत्त_लेखापरीक्षक
तो ४१५००० आकडा नाही, आकड्यासारखं दिसणारं अक्षर आहे. भागाकार करायला सांगितला की एक्सेल त्याला मुकाट्याने आकडा समजून घेतं, म्हणून `C2/B2-1` बरोबर, उणे ४० टक्के. पण `C2>B2` अशी तुलना करताना ते रूपांतर करत नाही. त्याच्या लेखी कुठलंही अक्षर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठंच. म्हणून अशा ओळीत नेहमी "वाढली" येणार, खरंच वाढली असेल तरी आणि घटली असेल तरी. ABS ने उणे चिन्ह पुसलं, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसलीच नाही. आणि SUM अशा खान्यांना वगळते, म्हणून बेरीज कमी.

आधी C चा स्तंभ निवडून Data मधल्या Text to Columns वर जा आणि सरळ Finish दाबा, आकडे होतील. मग बदल एकदाच D मध्ये काढा. टक्के आणि शब्द, दोन्ही त्याच खान्यातून घ्या:

```
D2: =IF(COUNT(B2:C2)<2,"आकडा तपासा",IF(B2<=0,"तुलना नाही",C2/B2-1))
E2: =IF(ISTEXT(D2),D2,A2&" विक्री "&IF(ABS(D2)<0.02,"जवळपास तेवढीच राहिली",TEXT(ABS(D2)*100,"0")&" टक्क्यांनी "&IF(D2>0,"वाढली","घटली")))
```

COUNT फक्त खरे आकडे मोजतो. पुढच्या महिन्यात पुन्हा अक्षरं आली किंवा खाना रिकामा राहिला, तर खोटं वाक्य येण्याऐवजी "आकडा तपासा" येईल. मागच्या वर्षी शून्य विक्री असलेल्या नव्या मालाला टक्का निघतच नाही, तिथे "तुलना नाही".

मालव्याचा_मन्या
काका, २ टक्क्यांची मर्यादा कुठून आणली? आमच्याकडे ५ ठेवतात.

निवृत्त_लेखापरीक्षक
मनातून. मर्यादाच नसेल तर "0 टक्क्यांनी घटली" अशी वाक्यं येतात, तेवढंच टाळायचं होतं. किती टक्क्यांपर्यंत दुर्लक्ष करायचं ते सेठजींनी ठरवावं.

अलका_बडोदे
बरं, अदलाबदल नव्हती. पण माझा व्याकरणाचा मुद्दा राहिलाच. शेव वाढली, चिवडा वाढला, फरसाण वाढलं. साचा एकच असेल तर क्रियापद चुकणारच. A मध्ये मालाचं नाव न ठेवता "लौंग शेवेची", "चिवड्याची", "फरसाणाची" असं लिहून ठेवा. मग कर्ता नेहमी "विक्री", आणि "वाढली" सगळीकडे चालेल. एकदाच टाइप करायचंय.

निवृत्त_लेखापरीक्षक
हे अगदी बरोबर. वरचा साचा त्यासाठीच "विक्री" धरून लिहिलाय.

सियागंजकर
केलं. "लौंग शेवेची विक्री 40 टक्क्यांनी घटली." बेरीजही जुळली. आता सेठजी हे वाचून मलाच धारेवर धरणार.

अलका_बडोदे
थांबा, २०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, २०२४ ची ऑक्टोबरच्या अखेरीस. यंदा माल ऑक्टोबरमध्येच उचलला गेला असणार. ऑक्टोबरचे आकडे द्या.

सियागंजकर
लौंग शेव, ऑक्टोबर: मागच्या वर्षी ४,१०,०००, यंदा ७,४०,०००.

अलका_बडोदे
म्हणजे ऑक्टोबरच्या ओळीत "80 टक्क्यांनी वाढली" येईल, नोव्हेंबरच्या ओळीत "40 टक्क्यांनी घटली". दोन्ही महिने मिळून ११ लाख होते, ते ११ लाख ५५ हजार झाले. खरी वाढ ५ टक्के. सेठजींना ही एकच ओळ द्या.

मालव्याचा_मन्या
मग गुढीपाडवा, राखी, गणपती सगळ्यांना जोडत बसायचं? त्यापेक्षा बारा महिन्यांची चालती बेरीज घ्या, सण कुठेही सरकू दे.

निवृत्त_लेखापरीक्षक
बारा महिन्यांची बेरीज घेतली तर ताजी घसरण त्यात बुडून जाते, दोन महिन्यांनी कळते. नमकीनमध्ये तेवढा उशीर परवडत नाही. मी सणाचे दोन महिने एकत्र धरीन, बाकीचे सुटे. फॉर्म्युल्याला दिवाळी कळत नाही, म्हणून F मध्ये कारणासाठी रिकामा स्तंभ ठेवा आणि तो हातानेच भरा.

मालव्याचा_मन्या
तरी मी चालती बेरीजच ठेवीन.

पोहेजिलेबी
ऑक्टोबरमध्ये सात लाख? मग काउंटर टाकाच.

सियागंजकर
तूर्तास ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र करून देतोय. F मध्ये "दिवाळी लवकर" लिहिलं. एक ओळ मात्र "आकडा तपासा" दाखवतेय, मूग डाळीची. त्या खान्यात कोणीतरी "2 लाख" असं अक्षरी टाइप केलंय. गोदामात फोन लावतो.