बॅटरी बसली, जंपर लावले: शेवटचा काळा चिमटा कुठे लावता?

रानवारा
गेल्या आठवड्यात गावाहून आठ दिवसांनी परतलो. डिकीतला दिवा चालूच राहिला होता. सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक, आणि मीटरवरचे दिवे मंद होऊन विझत. शेजारचे काका त्यांची गाडी समोर घेऊन आले, जंपर केबल माझ्याकडे होतीच. लाल चिमटा आधी माझ्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक काकांच्या प्लसला. मग काळा काकांच्या मायनसला. इथवर आमचं एकमत होतं. राहिलेला काळा काका माझ्या मायनसला लावायला निघाले, तेव्हा मी अडवलं, कारण गाडीच्या पुस्तकात तो इंजिनच्या उघड्या धातूला लावा असं लिहिलंय. म्हणून बॉनेटजवळच्या एका बोल्टला लावला. दहा मिनिटं थांबलो, तरी तेच टक-टक. शेवटी काकांच्या पद्धतीने मायनसला लावला, बारीक ठिणगी उडाली आणि गाडी लगेच चालू झाली.

म्हणजे पुस्तक चूक की मी? तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत, काय बिघडलं, तेही लिहा.

डोंगरवाट
वीस वर्षं मायनसला मायनस लावतोय, कधी काही झालं नाही. माझी पद्धत याहून सोपी आहे: चांगल्या गाडीला दोन्ही चिमटे आधी लावून घ्यायचे, मग दुसरी टोकं हातात धरून बंद गाडीकडे जायचं. क्रम लक्षात ठेवायची गरजच नाही.

जुना_वायरमन
कोल्हापूरला तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोंगरवाट, हातात धरलेल्या त्या दोन टोकांमध्ये पूर्ण बॅटरी जिवंत असते. केबलला पीळ पडला, चिमटे एकमेकांना लागले, की शेकडो अँपिअर वाहतात. असे चिकटलेले चिमटे मी पक्कडीने सोडवलेत, दाते वितळून गेले होते. क्रम आहे तो यासाठीच. आधी लाल दोन्हीकडे लावायचा. तोवर दोन्ही गाड्यांचे मायनस जोडलेले नसतात, त्यामुळे चुकून चिमटा दुसऱ्या गाडीच्या पत्र्याला लागला तरी सर्किट पुरं होत नाही. गाड्या मात्र एकमेकींना टेकलेल्या नकोत. काळा आधी जोडलात, तर लालचं मोकळं टोक पत्र्याला लागताच थेट शॉर्ट.

आता शेवटचा काळा. ठिणगी पडते ती शेवटच्या जोडणीला, कारण तिथेच सर्किट पुरं होतं. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो झाकणाजवळ, छिद्रांपाशी साचतो. म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून हातभर लांब पाडायची. वीस वर्षं काही झालं नाही हे मी मानतो, बहुतेक वेळा होतही नाही. माझ्या दुकानात एकदाच झालं. चार्जिंगवरून काढताना चिमटा हलला, झाकण फुटलं, शर्टाला भोकं पडली. पोऱ्याने चष्मा घातला होता म्हणून डोळे वाचले. नळाखाली पंधरा-वीस मिनिटं तोंड धूत बसलो होतो दोघे.

रानवारा, तुमच्या पुस्तकात चूक नाही, बोल्ट चुकला. बॉनेटजवळचे बहुतेक बोल्ट रंगवलेले असतात आणि रंगातून वीज जात नाही. स्टार्टरला शंभर-दोनशे अँपिअर लागतात, नुसत्या टेकलेल्या चिमट्यातून ते येत नाहीत. इंजिनवर पाहा, वर उचलायचा लोखंडी हुक असतो, नाहीतर अल्टरनेटरचा ब्रॅकेट. नागडं, जाड धातू. चिमटा लावून तो उजवीकडे-डावीकडे जोर देऊन फिरवा, दाते रुतून चकचकीत ओरखडा दिसला पाहिजे. फिरणारा पट्टा आणि पंखा मात्र दूर ठेवा. पेट्रोलच्या पाइपजवळ लावू नका.

रानवारा
बोल्ट खरंच काळा रंगवलेला होता! काल पुन्हा पाहिलं, चिमट्याची खूणसुद्धा उमटलेली नाही. बॅटरीच्या खांबांवर पांढरी-हिरवी बुरशीही होती, ती गरम पाण्याने धुऊन काढली.

पाणकणीस
माझ्या गाडीला बॉनेटखाली बॅटरीच नाही, ती डिकीत आहे! पावसात अर्धा तास शोधत होते. शेवटी इंजिनजवळ लाल टोपी असलेला एक खांब सापडला, टोपीवर प्लसची खूण होती. लाल तिथे लावायचा आणि काळ्यासाठी जवळच वेगळा धातूचा खांब दिला होता. दोन चिमटे लावले, तिसरा लावताना हात थरथरत होता, पण गाडी चालू झाली.

काढतानाच चूक केली. आनंदाच्या भरात लाल आधी काढला आणि तो पत्र्यावर आपटला. फटकन आवाज, मोठी ठिणगी, मदतीला आलेल्या गाडीचा मोठा फ्यूज उडाला. त्यांना टो करून न्यावं लागलं, खर्च मी दिला.

जुना_वायरमन
काढायचा क्रम बरोबर उलटा: इंजिनवरचा काळा सगळ्यात आधी, मग दुसऱ्या गाडीचा काळा, मग तिचा लाल, शेवटी आपला लाल. पहिला काळा सुटला की धोका बराच संपतो. काढण्याआधी चालू झालेल्या गाडीचा ब्लोअर लावून ठेवतो मी, म्हणजे केबल सुटताना व्होल्टेज एकदम उसळत नाही.

सह्यकडा
आमची बुलेट किक मारून चालू होते, पण सेल्फ लागत नाही. बारा व्होल्टचीच बॅटरी आहे, तर कारला जंपर लावून चालेल ना?

जुना_वायरमन
व्होल्ट जुळतात, पण बॅटरी लहान असते. लावलात तर कारचं इंजिन बंद ठेवून लावा. पण किकने चालू होते म्हणताय, तर जंपरची गरज काय? बॅटरी तपासून घ्या. आणि सगळ्यांसाठी: ट्रकला २४ व्होल्ट असतात, त्यावरून कार चालू करायला जाऊ नका.

बर्फगाव
कॅनडात असतो. उणे २८ अंशांत माझी बॅटरी बसली. मी केबल घेऊन धावलोच होतो, शेजाऱ्याने बॅटरीकडे बोट दाखवलं: बाजू फुगलेल्या, आत बर्फ. बसलेल्या बॅटरीतलं आम्ल जवळपास पाणी होतं, म्हणून ते लवकर गोठतं. गोठलेल्या बॅटरीला जंपर लावला तर ती फुटू शकते. आम्ही ती काढली आणि नवी बसवली.

डोंगरवाट
ठिणगी आणि पीळ हे पटलं, यापुढे लाल आधी. पण एक सांगा, मदतीची गाडी चालू ठेवायची की बंद? मी चालू ठेवून जरा रेस करतो.

जुना_वायरमन
मी पाच-दहा मिनिटं चालू ठेवतो, म्हणजे बसलेल्या बॅटरीत थोडा जीव येतो, आणि सेल्फ मारतानाही चालूच ठेवतो. हलकी रेस ठीक.

पाणकणीस
माझ्या पुस्तकात सेल्फ मारण्याआधी मदतीची गाडी बंद करा असं स्पष्ट छापलंय.

जुना_वायरमन
असेल. नव्या गाड्यांत अल्टरनेटरला झटका बसू नये म्हणून काही कंपन्या तसं सांगतात, काही चालू ठेवा म्हणतात. तुमच्या पुस्तकात जे आहे ते करा, माझी सवय जुन्या गाड्यांची. मदतीची गाडी हायब्रिड असेल तर तिचं पुस्तक आधी उघडा, पुष्कळ कंपन्या तिचा असा वापर करू देत नाहीत.

रानवारा
माझी केबल दिसायला जाड होती, पण सेल्फ मारताना एका चिमट्याची मूठ गरम झाली. ते कशामुळे?

जुना_वायरमन
रबर जाड, आत तार बारीक. शिवाय स्वस्त चिमट्यात दोनपैकी एकाच जबड्याला तार जोडलेली असते, तो जबडा धातूला नीट लागला नाही तर तिथेच तापतं. चिमटा उघडून पाहा, तार कुठल्या बाजूला आहे ते कळेल. मग ती बाजू धातूवर बसवा.

रानवारा
पाहिलं. एकाच बाजूला आहे. आणि मी ती उलटी लावली होती.