फ्लोराइड: दात उगवण्याआधी आणि नंतर
"पेस्टमधल्या फ्लोराइडने दात मजबूत होतात, मग यवतमाळकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने पोरांचे दात डागाळतात कसे?"

फरक प्रमाणाचा, आणि वयाचाही. उगवलेल्या दातावर फ्लोराइड वरवरच काम करतं. खाल्ल्यावर जंतू आम्ल सोडतात, पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातलं, हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट हे खनिज विरघळू लागतं. लाळेतून खनिज परत बसताना फ्लोराइड हजर असेल, तर ते त्या खनिजातल्या हायड्रॉक्सिलची जागा घेतं. हे झालं फ्लोरअ‍ॅपटाइट. ते साधारण पीएच ४.५ पर्यंत तग धरतं.

फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइडने दात डागाळण्याची गोष्ट मात्र हिरडीच्या आतली, साधारण आठव्या वर्षापर्यंतची. इनॅमल आधी प्रथिनांच्या साच्यात घडतं, मग प्रथिनं निघून जातात आणि तिथे खनिज भरतं. फ्लोराइड जास्त झालं की प्रथिनं रेंगाळतात, खनिज अपुरं भरतं, पृष्ठभागाखाली सच्छिद्र थर राहतो. म्हणून दात उगवतानाच खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात. तपकिरी रंग नंतर त्या छिद्रांत मुरतो, तो घासून काय जाणार!

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. आणि फ्लोराइड घालवायला पाणी उकळू नका. पाणी आटतं, फ्लोराइड तिथेच राहतं.