अनुभव धागा: दारू पिऊन गाडी, फुंकायचं मशीन आणि लायसनचं निलंबन

खडकमाळ
गेल्या वर्षी माझ्यावर ड्रंक अँड ड्राइव्हची केस झाली. चूक माझीच होती. पण मला वाटत होतं त्यापेक्षा ती वेगळी होती, म्हणून लिहितोय. तुम्हाला आलेले अनुभवही इथे मांडा, स्वतःचे किंवा घरातल्या कोणाचे.

भाच्याच्या साखरपुड्याच्या रात्री आम्ही गच्चीवर बसलो होतो. साडेनऊला सुरुवात झाली आणि साडेबाराला उठलो. तीन तासांत माझे व्हिस्कीचे चार लार्ज झाले. पोटभर जेवलो, झोपलो. साडेचारला उठून अंघोळ केली, दोन कप चहा घेतला आणि मेहुणीला स्टेशनवर सोडायला निघालो. डोकं जड होतं, पण तोल, बोलणं सगळं ठीक होतं. मी प्यायलेलो आहे असं मनातही नव्हतं. दारू रात्री झाली होती, आता सकाळ होती.

पाचच्या सुमारास पुलाखाली नाकाबंदी लागली. हवालदारांनी मशीनला नवी नळी लावली आणि 'लांब फुंका, थांबू नका' म्हणाले. आकडा आला 58. मर्यादा 30 आहे, म्हणजे 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. मशीनमधून चिठ्ठी निघाली, त्यावर सही घेतली. लायसन काढून घेतलं आणि त्याची पोच दिली. मेहुणीला गाडी येत नाही, त्यामुळे गाडी चौकीला लागली आणि ती बॅग घेऊन रिक्षाने गेली. तिची गाडी थोडक्यात मिळाली.

'जागेवर दंड भरतो' म्हटलं. साहेब शांतपणे म्हणाले, 'याचा दंड आम्ही घेत नाही, हे कोर्टातच जातं.' सिग्नल तोडल्याच्या चलानासारखं हे भरून मिटत नाही, हे मला तिथे कळलं.

तीन आठवड्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. दहा हजार दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसवून ठेवलं. कायद्यात पहिल्या वेळेलाही सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, माझी दंडावर सुटका झाली. मला वाटलं, संपलं. महिन्याभराने आरटीओची नोटीस आली: लायसन निलंबित का करू नये, समक्ष येऊन सांगा. कोर्टाची शिक्षा वेगळी आणि आरटीओची कारवाई वेगळी. लायसन तीन महिन्यांसाठी गेलं.

रात्रपाळी
मी सरकारी रुग्णालयात अपघात विभागात काम करते. तुमचं 58 कुठून आलं ते मांडून दाखवते, कारण सकाळी पकडले गेलेले बहुतेक जण मशीनलाच दोष देतात.

लार्ज म्हणजे 60 मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे एका लार्जमध्ये सुमारे 20 ग्रॅम. चार लार्जचे झाले 80 ग्रॅम. तुमचं वजन 70–72 किलो धरलं, तर हे सगळं रक्तात एकदम उतरलं असतं तर आकडा 165च्या आसपास गेला असता. यकृत तासाला सरासरी 15 उतरवतं. साडेनऊपासून पाचपर्यंत साडेसात तास झाले, म्हणजे 112 उतरले. राहिले 53. मशीनने 58 दाखवलं. मशीन बरोबर होतं. याच हिशोबाने तुम्ही 30च्या खाली साडेसहाला आला असता आणि शून्यावर साडेआठला.

हा हिशोब अंदाजाचाच. कोणाचं यकृत तासाला 10 उतरवतं, कोणाचं 20. बाईचं शरीर त्याच वजनाच्या पुरुषापेक्षा जास्त आकडा दाखवतं, कारण शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो. पण चहा, अंघोळ, लिंबूपाणी, उलटी यांनी हा वेग वाढत नाही. झोपेत तर मुळीच वाढत नाही. झोपेमुळे बरं वाटतं, आणि फसगत होते ती तिथेच.

एक_पेगवाला
मी कायम एकच पेग घेतो आणि गाडी चालवतो. मर्यादाच मुळी एका पेगची आहे. कोणी उगाच घाबरवू नका.

रात्रपाळी
पेग 30चा असेल आणि सोबत जेवण असेल तर तुम्ही बहुधा 20च्या आसपास राहता. 60चा असेल आणि पोट रिकामं असेल तर त्याच माणसाचा आकडा पहिल्या तासाभरात 40च्या घरात जाऊ शकतो. कायद्यात पेग हा शब्दच नाही, फक्त 30 हा आकडा आहे. आणि बिअरच्या एका मोठ्या स्ट्राँग बाटलीत दोन लार्जइतकं अल्कोहोल असतं. 'मी फक्त बिअर घेतली' हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते.

एक_पेगवाला
माझा 60चाच असतो. बघतो.

विरार_लोकल
माझं उलटं झालं. मी दारूला शिवतही नाही. दाढेचं काम झालं होतं, डेंटिस्टने माउथवॉश दिला होता. गुळण्या करून दोन मिनिटांत स्कूटर काढली आणि चौकातच नाकाबंदी. आकडा 41! हातपाय गार पडले. मी सांगितलं, 'साहेब, तोंडात औषध आहे, थोडं थांबून परत घ्या.' ते आधी ऐकेनात, पण दुसऱ्या हवालदाराने बाटली वाचली आणि बाजूला बसवलं. पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकलो तर शून्य.

म्हणून माझं मत आहे की ही मशीन भरवशाची नाहीत. कफ सिरपवरही केस होते.

वकील_नाशिक
मशीनने तोंडातलं अल्कोहोल खरंच मोजलं. त्याला ते फुफ्फुसातल्या हवेपासून वेगळं ओळखता आलं नाही, इतकंच. तोंडातलं पंधरा मिनिटांत उडून जातं, रक्तातलं तासाला जेमतेम 15ने उतरतं. त्यामुळे थोडं थांबून दुसऱ्यांदा फुंकणं हाच खरा बचाव, आणि तुम्ही अगदी योग्य केलंत. कायद्यात एकापेक्षा जास्त नमुने घेण्याची तरतूद आहे. कफ सिरपचंही तसंच. फक्त 'औषध घेतलं होतं' हे जागेवर सांगा. कोर्टात सहा महिन्यांनी सांगितलं तर त्याला वजन उरत नाही.

तळेगाव_टेंपो
माझं लायसन 2 वर्षांपूर्वी गेलं होतं. मी टेंपो चालवतो. दिवसभर माल टाकून रात्री ढाब्यावर क्वार्टर मारली अन् निघालो. पुढे अडवलं, 92 आलं. दंडाचे दहा हजार शेठनी दिले, पगारातून कापले. पण तीन महिने लायसन नाही म्हणजे तीन महिने धंदा नाही. शेठनी दुसरा ड्रायव्हर लावला. मी गोडाऊनला हमाली केली.

एक जण म्हणला, चालव तू, कोण बघतंय. मी नाही चालवली. लायसन निलंबित असताना सापडलो असतो तर त्याचे परत दहा हजार नाहीतर तीन महिने आत. अन् दारूचा दुसरा गुन्हा झाला तर लायसन रद्दच होतं, तीन महिन्यांवर भागत नाही. आता ढाब्यावर जेवण करतो, गाडीतच झोपतो, प्यायचं ते घरी गेल्यावर.

मागच्या_सीटवर
मला विचारायचं आहे की गाडीत सगळेच प्यायलेले असतील तर सगळ्यांवर केस होते का? मी मागे बसले होते, चालवणारी मैत्रीण प्यायलेली नव्हती, तरी आमचा वास आला म्हणून अर्धा तास थांबवलं. माझंही लायसन जाईल का ही भीती अजून आहे.

वकील_नाशिक
185 कलम गाडी चालवणाऱ्यावर किंवा चालवायचा प्रयत्न करणाऱ्यावर लागतं. मैत्रिणीचं मशीन शून्य आलं असेल तर तुमच्या लायसनचा प्रश्नच नाही. हां, प्यायलेल्या माणसाच्या हातात कोणी जाणूनबुजून स्वतःची गाडी दिली, तर चिथावणीचं वेगळं कलम आहे.

औंधचा_अमोल
मला पोलिसांनी अडवलं तेव्हा मी फार हुशारी केली होती. कुठेतरी वाचलं होतं की फुंकायला नकार द्या, मग पुरावाच राहत नाही. नकार दिला. त्यांनी अटक दाखवून थेट रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी डोळे, चाल, बोलणं तपासलं, रक्त घेतलं. पहाटे तीनला घरी फोन करायची वेळ आली. वडील आले तेव्हा माझ्या हाताला कापूस लावलेला होता. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी माझ्या गाडीत बसायचं टाळलं. ते मला दंडापेक्षा जास्त लागलं.

रक्ताचा रिपोर्ट आला 74. आणि मी नकार दिला हेही कोर्टासमोर माझ्या विरुद्धच मांडलं गेलं.

रात्रपाळी
रक्त घेताना दंड स्पिरिटने पुसलेला नाही ना, हे जरूर बघा. आम्ही साबण-पाण्याने किंवा स्पिरिट नसलेल्या द्रवाने पुसतो. रक्त फ्लोराइड असलेल्या बल्बमध्ये जातं, नाहीतर ते साठवणीत आंबतं आणि आकडा बदलू शकतो. बल्बवर तुमच्यासमोर सील लागलं पाहिजे. अटकेनंतर दोन तासांच्या आत ही तपासणी व्हायला हवी, म्हणून पोलीस घाई करतात. ती घाई तुमच्यावरच्या रागातून नसते.

एडिनबरा_डायरी
इकडे स्कॉटलंडमध्ये 2014 पासून रक्ताची मर्यादा 50 आहे, बाकी ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी 80. आकडा भारतापेक्षा सैल वाटेल. पण दोषी ठरलं की किमान वर्षभर गाडी बंद. माझ्या ऑफिसातल्या एकाचं लायसन असंच सकाळी आठला, मुलीला शाळेत सोडताना गेलं. रात्री वाइनची दीड बाटली झाली होती. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमानंतर कोण कोणाला सोडणार हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचं ठरवतो.

विमा_जुना
एक पैलू राहिला. माझ्या चुलतभावाने पिऊन गाडी दुभाजकावर घातली. रक्ताचा रिपोर्ट मर्यादेच्या वर होता. विमा कंपनीने गाडीचा क्लेम नाकारला. अडीच लाख त्याने स्वतः घातले. समोरच्या कोणाला इजा झाली असती तर ती भरपाई कंपनीला आधी द्यावी लागली असती आणि मग त्याच्याकडून वसूल केली असती, असं त्याच्या वकिलाने सांगितलं.

रात्रीचा_प्रवासी
एक शंका. प्यायल्यावर गाडी चालवायची नाही म्हणून मी बारच्या पार्किंगमध्ये गाडीतच झोपलो. उकाडा होता, एसीसाठी इंजिन चालू ठेवलं. गस्तीवाल्यांनी उठवलं, फुंकवलं, पण शेवटी सोडून दिलं. हे 'चालवायचा प्रयत्न' यात मोडतं का?

वकील_नाशिक
चावी चालू स्थितीत आणि तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर, तर युक्तिवादाला जागा आहे. दोन्ही बाजूंनी. मी तुम्हाला ठाम उत्तर देणार नाही. मागच्या सीटवर झोपा, चावी दुसऱ्याकडे द्या.

खडकमाळ
सगळ्यांचे आभार. साडेसहाचा तो हिशोब वाचून मी बराच वेळ नुसता बसलो. मेहुणीला रिक्षा बोलावून दिली असती तर काहीच झालं नसतं.

तीन महिने संपल्यावर लायसन आपोआप परत मिळत नाही. आधी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागलं, त्याचं प्रमाणपत्र दाखवल्यावर हातात आलं. निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं, मी केलं नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून नीट उलगडली नाही. पोलिसांनी लायसन घेतलं मार्चमध्ये, आरटीओचा आदेश निघाला मेमध्ये. माझे तीन महिने आदेशापासून धरले. मधले दोन महिने पोच खिशात ठेवून मी गाडी चालवलीच नाही, ते कशातच धरले गेले नाहीत. तळेगावकर, तुमचे कधीपासून मोजले?

तळेगाव_टेंपो
माझे पण आदेशापासूनच. पण माझ्या गाववाल्याचे जप्तीच्या तारखेपासून धरले, तो सुनावणीला पोच घेऊन गेला होता अन् तसं लेखी मागितलं होतं.