मदत हवी आहे : राज्याभिषेकाआधी शिवाजी महाराजांची मुंज का करावी लागली?

मी आमच्या गावातल्या वाचनालयासाठी एक छोटे टिपण लिहीत आहे. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाआधी, २९ मे रोजी, महाराजांची मुंज झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा पत्नीशी समंत्रक विवाह पुन्हा लावण्यात आला, असे वाचले. वंशावळीने सिसोदिया कुळ मान्य झाले होते, तर चव्वेचाळिसाव्या वर्षी हे विधी कशासाठी?

जुनीपोथी : आपण दोन प्रश्न एकत्र केले आहेत. कूळ क्षत्रियाचे आहे का, हा पहिला. आणि असल्यास त्याचे संस्कार झाले आहेत का, हा दुसरा. वंशावळ फक्त पहिल्याचे उत्तर देते. क्षत्रियाच्या मुंजीची शेवटची मुदत शास्त्राने बावीस वर्षे दिली आहे. ती उलटली की तो व्रात्य ठरतो, म्हणजे क्षत्रियत्व जात नाही, पण प्रायश्चित्त घेतल्याशिवाय वेदमंत्रांचा अधिकार मिळत नाही. म्हणून आधी प्रायश्चित्त, मग मुंज, असा क्रम राज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांना धरावा लागला. पूर्वीची लग्ने मुंजीआधीची, म्हणून विवाहही पुन्हा लावला. राज्याभिषेकात पट्टराणी शेजारी बसते, हेही लक्षात घ्या.

सह्याद्रीवारा : एवढे कशाला? सगळ्या ब्राह्मणांनी विरोध केला, म्हणून काशीहून माणूस आणावा लागला.

जुनीपोथी : विरोध होता, हे खरे, कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, फक्त ब्राह्मण आणि शूद्र उरले, असे मत तेव्हा प्रबळ होते. पण ‘सगळ्या’ म्हणू नका. आणि गागाभट्ट काशीचे असले तरी त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. गंमत म्हणजे शूद्रांच्या आचारधर्मावर ‘शूद्रकमलाकर’ लिहिणारे कमलाकरभट्ट हे त्यांचे सख्खे चुलते.

अंगणातली_तुळस : आमच्या घरीही भटजींनी मुलाची मुंज वेदमंत्रांऐवजी पुराणातल्या मंत्रांनी, म्हणजे पुराणोक्त लावली, त्यावरून सासरे रुसले होते! पण मला वाटते, तुम्ही निश्चलपुरींच्या दुसऱ्या अभिषेकाबद्दल विचारताय. तो २४ सप्टेंबरला झाला ना?

जुनीपोथी : तो तांत्रिक पद्धतीचा होता, ताई. पहिल्या विधीतल्या उणिवांवर निश्चलपुरींनी बोट ठेवले होते, त्यातून तो झाला; वर्णाचा वाद तिथे नव्हता. वेदोक्त-पुराणोक्ताचा जो वाद आपल्या घरी झाला, तो मात्र या प्रश्नाच्या जवळचा आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या वेळी तोच पुन्हा पेटला.

धागाकर्ता : म्हणजे व्रात्य ठरवणे हीच वाट होती, कारण त्यात क्षत्रियत्व गृहीत धरले जाते. मग एकच शंका राहते : कलियुगात क्षत्रिय नाहीत असे मानणाऱ्यांना हे पटले का?

जुनीपोथी : ज्यांना मुळातच मान्य नव्हते, त्यांना प्रायश्चित्ताने काय पटणार? शाहू महाराजांना तेच भांडण सव्वादोनशे वर्षांनी लढावे लागले.

सह्याद्रीवारा : मग विरोध झालाच की!