मदत हवी आहे: नॅपसॅक एकाच ओळीत सोडवल्यावर निवडलेल्या वस्तू कशा शोधाव्यात?

नमस्कार. अल्गोरिदमच्या अभ्यासक्रमातील 0/1 नॅपसॅकच्या एका उदाहरणाबाबत मार्गदर्शन हवे आहे. पिशवीची क्षमता 6 किलो असून तीन वस्तूंची वजने 2, 3, 4 किलो आणि मूल्ये अनुक्रमे 3, 4, 5 आहेत. प्रत्येक रकाना पुढील सूत्राने भरला. वस्तू मावत नसेल तर वरचाच आकडा खाली उतरवला.

```
K[i][w] = max(K[i-1][w], K[i-1][w-wt[i]] + val[i])
```

क्षमता 0 ते 6 साठी ओळी अशा आल्या:

```
i=1: 0 0 3 3 3 3 3
i=2: 0 0 3 4 4 7 7
i=3: 0 0 3 4 5 7 8
```

शेवटचा 8 वरच्या 7 पेक्षा वेगळा असल्यामुळे तिसरी वस्तू घेतली आहे, उरलेल्या 2 किलोंच्या स्तंभात दुसऱ्या आणि पहिल्या ओळीत 3 हाच आकडा असल्यामुळे दुसरी घेतलेली नाही, आणि पहिली घेतली आहे, हे स्पष्ट होते.

जागा वाचवण्यासाठी एकच ओळ ठेवून ती उजवीकडून डावीकडे भरली, तरी उत्तर 8 येते. (डावीकडून भरल्यास पहिलीच वस्तू तीनदा मोजली जाऊन 9 येतात.) मात्र आधीच्या ओळी पुसल्या गेल्यामुळे उलट माग काढता येत नाही. प्रत्येक रकान्यासाठी ‘घेतली की नाही’ एवढीच खूण ठेवली, तरी खुणांचा तक्ता n × W एवढाच राहतो. वस्तूंचे दोन गट करून, दोन्हींच्या शेवटच्या ओळींवरून क्षमतेची विभागणी ठरवत पुनरावर्ती पद्धतीने वस्तू शोधता येतील का, आणि तसे केल्यास वेळ O(nW) च राहतो हे कसे सिद्ध करावे, हे कृपया याच उदाहरणावर दाखवावे.